चोवीस पाडा, त्रेचाळीस बांधा

विलेपार्ले पूर्वेला किंवा मुलुंडला सध्या भाड्याने वन बीएचके शोधणाऱ्याची स्पर्धा पगारदार माणसाशी नसते. दलाल ज्याला आधी फ्लॅट दाखवतो त्या कुटुंबाचं भाडं बिल्डर भरणार असतो. त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेलेली असते, मुलांची शाळा जवळ असते, आजीआजोबांचे डॉक्टर ठरलेले असतात, त्यामुळे त्यांना पिनकोड बदलायचा नसतो. दलाली बिल्डर देतो, टेम्पोचे पैसेही तोच देतो. कुठल्या सोसायटीला महिन्याला किती भाडं ठरलंय हे नाक्यावरच्या प्रत्येक दलालाला पाठ असतं आणि घरमालक त्याच आकड्यापासून बोलणी सुरू करतो. त्या भागातल्या भाड्याचा आकडा पगारावरून ठरण्याऐवजी कुठल्यातरी डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटच्या कलमातून ठरायला लागतो.

मुंबईत घरांचा पुरवठा वाढवण्याचा आज जो मुख्य मार्ग आहे, त्याची सुरुवातच अशी होते. घरं वाढायच्या आधी कमी होतात.

कांदा महागला की पुढच्या हंगामात शेतकरी जास्त कांदा लावतो आणि भाव उतरतो. घराच्या बाबतीत हे इतक्या लवकर होत नाही, हे कुठल्याही शहरात खरं आहे. इमारत उभी राहायला वर्षं लागतात, आणि तोवर जितकी घरं आहेत तितकीच असतात. मागणी वाढली तर वाढीव पैसा फक्त किमतीत आणि भाड्यात जिरतो. अर्थशास्त्रात याला पुरवठ्याची लवचिकता कमी असणं म्हणतात. मुंबईच्या बाबतीत याचं कारण सहसा भूगोलात शोधलं जातं. तिन्ही बाजूंनी पाणी, मध्ये बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेलं राष्ट्रीय उद्यान, मग जमीन आणायची कुठून? हे खोटं नाही. पण भूगोल बदलत नाही, त्यामुळे किंमत वाढल्यावरही बांधकाम का वाढत नाही याचं पुरतं उत्तर त्यात मिळत नाही. ते उत्तर सोसायटीच्या जनरल बॉडीत आणि जादा बांधकामाच्या परवानगीसाठी महापालिका घेते त्या प्रीमियमच्या चलनात सापडतं. सोसायट्यांचे फिजिबिलिटी रिपोर्ट तयार करणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून एक हिशेब मांडतो. आकडे कल्पित आहेत, पण उपनगरात रोज दिसणारे आहेत.

समजा, १००० चौरस मीटरचा प्लॉट, समोर ९ मीटरपेक्षा थोडा रुंद रस्ता. १९७५च्या सुमाराची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही, २४ फ्लॅट, प्रत्येकाचा कार्पेट ३७० चौरस फूट. तेव्हा उपनगरात एफएसआय एकच होता, म्हणजे प्लॉट जेवढा तेवढंच बांधकाम. आता २०३४पर्यंतच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार या रस्त्यावर एकूण २ एफएसआय मिळतो. मूळचा १, पालिकेला पैसे भरून अर्धा, आणि बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन अर्धा. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वर मिळणारं जादा बांधकाम. एकूण २७०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २९ हजार चौरस फूट बांधकाम आणि त्यातून साधारण २६ हजार फूट कार्पेट. जुन्या सोसायट्यांना मिळणारी थोडी जादा सवलत इथे सोयीसाठी धरलेली नाही; ती धरली तर काही फ्लॅट वाढतील, चित्र तेच राहील.

सभासदांना आजच्या कार्पेटवर ४० टक्के जास्त जागा द्यायची ठरली, तर त्यांच्याकडे सुमारे १२,४०० फूट जातात. उरलेल्या १३,६०० फुटांत ७०० फुटांचे १९ फ्लॅट विक्रीला निघतात. २४ पाडून ४३ होतात. जाहिरातीत आणि मंत्र्यांच्या भाषणात हे ४३ दिसतात.

आता काळाचा हिशेब. घरं रिकामी केल्यापासून ओसी, म्हणजे नव्या इमारतीत राहायला जाण्याचा पालिकेचा दाखला, हातात येईपर्यंत ४२ महिने धरू. हा आशावादी आकडा आहे, पण राहू दे. २४ घरं ४२ महिने बाजारातून गायब, म्हणजे १,००८ घर-महिने वजा. ओसीनंतर दर महिन्याला पूर्वीपेक्षा १९ घरं जास्त. १,००८ला १९ने भागलं की ५३ महिने येतात. सामान हलवलं त्या दिवसापासून ४२ आणि ५३, मिळून ९५ महिने. आठ वर्षं होईपर्यंत या प्रकल्पाने मुंबईच्या घरांच्या साठ्यात एकूण हिशेबाने काहीही भर घातलेली नसते, आणि तेही १९च्या १९ फ्लॅटमध्ये पहिल्या दिवसापासून माणसं राहायला आली असं धरलं तर. गुंतवणूकदाराने कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट या बेरजेत येत नाही. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. तेव्हा ही शंका हवेतली नाही.

इमारत पालिकेच्या यादीत सी-१, म्हणजे अतिधोकादायक असेल, तर ती पाडावीच लागणार होती, तिथे हा हिशेब लावू नये. पण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच इमारती दुरुस्तीवर आणखी पंधरा-वीस वर्षं सहज काढतील अशा असतात. त्या पुनर्विकासाला जातात कारण भाव चढलेला असतो.

भाव चढल्यावर नेमकं काय होतं ते सभेत बघायला मिळतं. चार बिल्डरांच्या ऑफर्सचा तक्ता ए-थ्री कागदावर छापून सगळ्यांना वाटलेला असतो. वाढीव कार्पेट, सभासदांना रोख मिळणारा कॉर्पस, महिन्याचं भाडं, दरवर्षी त्यात किती वाढ, बँक गॅरंटी, पार्किंग. सेक्रेटरी पहिला रकाना वाचतायत तोवर मागून कोणीतरी म्हणतं, "अहो साठे, गल्लीतल्या त्या सोसायटीला पंचेचाळीस टक्के मिळालेत, आपण चाळीसवर का सही करायची?" दुसऱ्या बाजूने उत्तर येतं, "काका, त्यांचा रस्ता अठरा मीटरचा आहे." काकांना रस्त्याशी देणंघेणं नसतं. ते म्हणतात, "मग थांबू की सहा महिने. भाव काही पळून जात नाहीये." आणि सभा पुढच्या महिन्यावर जाते.

काका चुकीचं वागत नाहीत. भाव चढत असताना थांबणाऱ्याला उद्या जास्त मिळण्याची शक्यता असते आणि एकदा सही केली की ती शक्यता संपते. जो भाव बांधकामाला चालना देईल असं आपण मानतो, तोच भाव जमिनीच्या मालकाला थांबायला सांगतो. मोकळ्या जमिनीचा मालक एक असतो, इथे २४ असतात. प्रत्येकाचा उद्याचा अंदाज वेगळा असतो आणि त्यातल्या दोघांचा तरी एकमेकांशी जिन्यातल्या चपलांवरून अबोला असतो. २०१९च्या जुलैत सरकारने सहकारी संस्था कायद्याच्या ७९-अ खालच्या सूचना बदलून संमतीची अट ७५ टक्क्यांवरून ५१वर आणली. त्याने फरक पडला. पण ५१ टक्के लोक कशाला हो म्हणतील हे भावावरच ठरतं. शिवाय कन्व्हेयन्स झालेलं नसेल, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ बिल्डरच्या वडिलांचं नाव असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची फाइल निबंधकाच्या कार्यालयात वेगळा वेळ खाते.

आता त्याच प्लॉटवर विक्रीचा दर फुटाला ३० हजारांवरून ३६ हजार झाला असं धरू. २० टक्के वाढ. १३,६०० फुटांवर बिल्डरला वरकड सुमारे ८ कोटी १५ लाख मिळतील. पुस्तकी तर्काने या पैशाने जास्त घरं बांधली जायला हवीत. प्रत्यक्षात सभासद ४०चे ५० टक्के मागतात; ते जादा ८९० फूट ३६ हजारांनी ३ कोटी २० लाखांचे झाले. कॉर्पस माणशी ५ लाखांनी वाढला की १ कोटी २० लाख. आजूबाजूची भाडी चढलीत म्हणून ट्रान्झिटचं भाडं दरमहा १० हजारांनी वाढवावं लागलं, तर २४ घरांचे ४२ महिन्यांचे १ कोटी. आणि पालिका.

पालिकेकडे थोडं थांबायला हवं, कारण ही गोष्ट सभासदांच्या हावरटपणाइतकी चर्चेत येत नाही. पैसे भरून मिळणारा अर्धा एफएसआय आणि विक्रीच्या हिश्शाचा फंजिबल, दोन्हींचा प्रीमियम सरकारी दरांच्या तक्त्यातल्या, म्हणजे रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या निम्म्याने आकारला जातो. जमिनीचा दर चौरस मीटरला १ लाख धरला तर आपल्या प्लॉटवर ५०० चौरस मीटरचे अडीच कोटी आणि सुमारे ३५० मीटर फंजिबलचे पावणेदोन कोटी, मिळून सव्वाचार कोटी. यात मोकळ्या जागेच्या कमतरतेचा प्रीमियम आणि विकास शुल्क धरलेलं नाही. रेकनर २० टक्क्यांनी वाढला की हे ८५ लाखांनी वाढतं. म्हणजे घर महाग झालं म्हणून घर बांधायची परवानगीही महाग होते. टीडीआर विकणाराही बाजाराकडे डोळा ठेवूनच भाव सांगतो.

बेरीज करा. ८ कोटी १५ लाखांपैकी सव्वासहा कोटी इथेच गेले. उरलेल्यात सिमेंट, सळई, मजुरी आणि व्याज यांची वाढ भागवायची. आणि विक्रीचे फ्लॅट? सभासदांकडे जास्त जागा गेल्यामुळे १९चे १८ झाले. वरचा एफएसआय नियमाने बांधलेला आहे, त्यामुळे भाव कितीही चढला तरी त्या प्लॉटवर २६ हजार फुटांच्या वर एक फूटही निघत नाही. किंमत वाढली, वाटणी बदलली, आणि नवी घरं एकाने कमी झाली.

याचा अर्थ भाववाढीने बांधकाम अजिबात वाढत नाही असा नाही. ३० हजारांच्या दरात ज्या प्लॉटचं गणित बसत नव्हतं तो ३६ हजारांत बसतो, आणि म्हणूनच गेल्या काही वर्षांत बोरिवली, चेंबूर, पार्ल्यात गल्लोगल्ली हिरवी कापडं लागलेली दिसतात. पण हे सगळे प्लॉट एकाच चढत्या बाजारात एकदम सुटतात, एकाच वेळी रिकामे होतात, आणि शेकडो कुटुंबं त्याच दोन किलोमीटरांत भाड्याचं घर शोधतात. पहिली तीन-चार वर्षं भाववाढीला मिळालेला प्रतिसाद म्हणजे पुरवठ्यात घट. ती घट भाडं वाढवते, वाढलेलं भाडं पुढच्या सोसायटीच्या करारात शिरतं, आणि त्याने पुढचा प्रकल्प महागतो.

या घटीत सर्वात आधी कोण बाहेर फेकलं जातं तेही बघा. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट म्हणजे त्या भागातलं सर्वात स्वस्त भाडं. आपल्या २४पैकी पाच-सहा फ्लॅट मालकांनी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेले असणारच. इमारत रिकामी होताना बिल्डरचं ट्रान्झिटचं भाडं मालकाला मिळतं, जो तिथे राहतच नव्हता. राहणाऱ्याला महिन्याभराची नोटीस मिळते. साडेतीन वर्षांनी त्याच जागेवर उभ्या राहणाऱ्या १९ फ्लॅटमध्ये ७०० फूट कार्पेट, दोन लिफ्ट, जिम आणि त्याला परवडणार नाही असा मेंटेनन्स असतो. वरच्या वर्गातलं कुणी तिथे राहायला गेलं की त्याचं जुनं घर मोकळं होतं आणि ही साखळी खालपर्यंत पोचते, असं म्हणतात. पोचते. पण मुंबईत मोकळं झालेलं जुनं घरसुद्धा बहुधा पुढच्या पुनर्विकासाच्या रांगेत असतं.

आणि ४२ महिने हा आकडा मी आशावादी का म्हटला? गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांचा पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला. चाळ पाडली गेली, पुढे भाडं थांबलं, आणि माणसं दहा वर्षांहून अधिक काळ घराबाहेर राहिली. बीडीडी चाळींच्या कामाचं भूमिपूजन एप्रिल २०१७मध्ये झालं. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५मध्ये. तिथे जमीन सरकारची आणि काम म्हाडाचं, तरीही आठ वर्षं. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना युती सरकारने १९९५ साली आणली तेव्हा पाच वर्षांत ८ लाख घरांचं आश्वासन होतं. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत त्याच्या निम्मीही झाली नाहीत. हे सगळे प्रकल्प एकाच जातीचे आहेत. आधीच माणसं राहत असलेल्या जमिनीवर, त्यांना फुकट घर देऊन, वर विकलेल्या फ्लॅटमधून खर्च काढायचा. विक्रीचा भाव चढाच राहिला तरच हे गणित चालतं. घरं स्वस्त करण्यासाठी आखलेल्या योजनेला घरं महाग राहावी लागतात, याच्यावर सरकारने कधी ठामपणे बोलल्याचं मला आठवत नाही.

राहती घरं न पाडता बांधता येईल अशी मोठी जमीन मुंबईला एकदा मिळाली होती, गिरण्यांची, सुमारे ६०० एकर. १९९१च्या नियमात तिचे साधारण तीन सारखे वाटे होते, एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलून हे वाटे फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरते ठेवले गेले, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. तिथे उभं राहिलेलं प्रत्येक घर निव्वळ भर होती, आठ वर्षांची वजाबाकी नव्हती. ती भर कुणासाठी झाली ते परळ-लोअर परळला मान वर करून बघता येतं.

एफएसआय वाढवा, म्हणजे घरं स्वस्त होतील, असं सरसकट सांगणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही. एफएसआय वाढला तर वाढीव फूट येतात हे खरं, आणि त्याशिवाय घरं वाढणार नाहीत हेही खरं. पण वाढीची बातमी पहिल्यांदा पोचते ती काकांकडे. पुढच्या सभेत ५०चे ६० टक्के होतात. अरुंद गल्लीत तर तो एफएसआय वापरताही येत नाही, आणि विमानतळाजवळ उंचीच्या मर्यादेमुळे कागदावरचा एफएसआय कागदावरच राहतो.

त्यापेक्षा प्रीमियम बदलावा असं मला वाटतं. आज तो बांधकामाच्या सुरुवातीच्या टप्प्यांत भरावा लागतो. विक्री सुरू होण्याआधीच बिल्डर त्यासाठी कर्ज उचलतो, आणि घराच्या किमतीत त्या व्याजाचे चार-पाच वर्षांचे थर बसतात. जानेवारी २०२१मध्ये सरकारने प्रीमियममध्ये वर्षभरासाठी ५० टक्के सूट दिली, तेव्हा अडकलेल्या प्रस्तावांची एकदम झुंबड उडाली. आमच्या ऑफिसात डिसेंबरात रात्री उशिरापर्यंत चलनं भरणं चालू होतं. परवानगीची किंमत बांधकामाच्या आड किती येते हे त्या एका वर्षाने दाखवलं. पण सूट तात्पुरती असली की तिचा फायदा जमिनीच्या भावात जातो आणि सगळे एकाच वेळी इमारती रिकाम्या करतात. कायमस्वरूपी पण ओसीच्या वेळी घेतला जाणारा, आणि ठरलेल्या मुदतीत ओसी मिळाली तर कमी होणारा प्रीमियम जास्त उपयोगी पडेल. पालिकेला पैसे उशिरा मिळतील, हे तिच्या अर्थसंकल्पाला परवडणारं नाही असं आयुक्त म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. या रकमेवर पालिका चालवायची सवय लागली आहे.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. प्रत्येक वॉर्डात या वर्षी किती राहती घरं रिकामी झाली आणि किती घरांना ओसी मिळाली, हे दोन आकडे शेजारी शेजारी जाहीर करावेत. पाडण्याची परवानगी पालिका देते, ओसी पालिका देते. दोन्ही नोंदी तिच्याकडे आहेत. आज आपण फक्त नव्या प्रकल्पांतले फ्लॅट मोजतो. पार्ल्याच्या के-पूर्व किंवा मुलुंडच्या टी वॉर्डात सलग तीन वर्षं पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर तिथलं भाडं का चढतंय हे विचारायला दलालाकडे जावं लागणार नाही, आणि म्हाडाची संक्रमण घरं कुठे बांधायची हेही त्याच तक्त्यात दिसेल.